नाव खोडलं म्हणजे ओळख लपली?

विंचूदंश हा आपल्या रायगडचा जुना आजार. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी इथल्याच रुग्णांवरून १९८२ आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, म्हणून आज प्राझोसिनची गोळी जगाला माहीत आहे. तेव्हा केस छापायला हवीच. प्रश्न एवढाच, की त्यातली बाई गावात ओळखू येऊ नये.

माझ्याकडची एक केस. कागदावर होतं : नाव, वय ३३, गाव, तारीख, अमक्यांच्या आंबाबागेत मजुरी, पाच महिन्यांची गरोदर, डंख पायाला, तीन तासांनी दवाखान्यात, दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार.

नाव आणि गाव गेलं. वय ‘तिशीतली’ झालं. तारखेऐवजी ‘डंखानंतर तिसरा तास’ लिहिलं, कारण डॉक्टरला कॅलेंडर नको, वेळेचं अंतर हवं. ‘कोकण’ मात्र ठेवलं. लाल विंचू कुठला हे कळायला ते लागतं.

अडलं गरोदरपणावर. ते काढलं तर केस शिकवण्याजोगीच उरत नाही, आणि ठेवलं तर दोन वाड्यांतली माणसं लगेच ओळखतील. काही जण अशा वेळी तपशील बदलतात, बागेऐवजी घर करतात. ते मला मान्य नाही. वगळावं, पण खोटं लिहू नये. उद्या कुणी त्या आकड्यांवर विसंबून उपचार ठरवेल.

मग उरते संमती. २००२च्या वैद्यकीय नियमावलीनुसार ओळख पटेल अशी केस रुग्णाच्या परवानगीशिवाय छापता येत नाही. ओळख पटणार नसेल तर परवानगी लागत नाही, पण पाच हजार वस्तीच्या गावात ‘पटणार नाही’ हे ठरवणार कोण? म्हणून मी मसुदा मराठीत करून तिलाच वाचून दाखवला, नवऱ्याला नव्हे. शिकवण्याची संमती वेगळी, छापण्याची वेगळी. नाही म्हटलीस तरी उपचारात फरक नाही, आणि एकदा छापून आलं की परत घेता येणार नाही, हेही सांगितलं.

तिला पोटातल्या बाळाबद्दल लिहिण्याची हरकत नव्हती. ती म्हणाली, “डॉक्टर, बाग नको. मालक म्हणंल माझ्या बागेची बदनामी केली, उद्या कामाला बोलवायचा नाय.” माझ्या यादीत बाग धोक्याची नव्हतीच. आता तिथे ‘शेतकाम करताना, पाचोळा उचलताना, अनवाणी’ एवढंच आहे. वैद्यकीय अर्थ तसाच राहिला.

एक बारीक गोष्ट शिकवणाऱ्यांसाठी. ईसीजीच्या पट्टीवर वर नाव आणि तारीख छापलेली असते. पॉवरपॉइंटमध्ये ती नुसती क्रॉप केली तर कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, आणि फाइल मिळालेला कुणीही तो परत उघडू शकतो. मोबाइलच्या फोटोत ठिकाणही नोंदलेलं असू शकतं. म्हणून आधी बाहेरच चित्र कापायचं, नवीन फाइल जतन करायची, मगच स्लाइडमध्ये टाकायची. आणि चेहऱ्याच्या फोटोत डोळ्यांवर काळी पट्टी? शेजारीण हनुवटीवरूनही ओळखते.

तिने शिकवण्याला होकार दिलाय. छापण्याचं बाळंतपणानंतर सांगते म्हणाली. तोवर मसुदा कपाटात आहे.