पत्रकातली बदामी आणि बसमधली बदामी

सहल कंपन्यांच्या माहितीपत्रकांइतके आशावादी वाङ्मय मराठीत दुसरे क्वचितच असेल. त्यात पाऊस पडत नाही, बस पंक्चर होत नाही आणि प्रत्येक हॉटेल ‘आरामदायी’च असते. गेल्या हिवाळ्यात असेच एक पत्रक वाचून मी बदामी-हंपीच्या पाच दिवसांच्या सहलीला गेले. कंपनीचे नाव सांगत नाही. सांगायचे आहे ते पत्रकातल्या भाषेविषयी, कारण भाषा शिकवणे हा माझा धंदा आहे. आणि सहलीत जे जे बिनसले, त्याची चाहूल त्या भाषेतच होती.

पत्रकातला दुसरा दिवस असा होता : ‘बदामी लेणी, बनशंकरी, पट्टदकल, ऐहोळे दर्शन व होस्पेटकडे प्रयाण.’ एका ओळीत पाच नावे! ती वाचताना हातात घड्याळ घेऊन बसावे. सकाळी आठला निघालो असे धरू. लेणी आणि अगस्त्य तलावाचा परिसर यांना अडीच तास. बनशंकरी जवळच, तरी पाऊण तास जातो. पाऊण तासाच्या प्रवासानंतर बारा वाजता पट्टदकल. तिथली देवळे नुसती धावत पाहायची म्हटली तरी दीड तास. जेवणाला एक तास, पुढच्या वाटेला अर्धा, म्हणजे ऐहोळेला पोचायला तीन वाजले. तिथून होस्पेट तीन तासांवर. हिशेब जुळतो, पण कोणाचाही चष्मा खोलीत राहिला नाही तरच.

आमच्या सहलीत चष्मा राहिला, आंघोळीचे पाणी उशिरा तापले आणि आठचे पावणेनऊ झाले. त्यात काही नवल नाही. ऐहोळेला उतरलो तेव्हा चार वाजले होते. “चाळीस मिनिटांत परत या हं,” असे टूर मॅनेजरने बजावले.

आमच्यात एक निवृत्त शिक्षक होते. वय शहात्तर. सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला होता आणि या सहलीला ते एका शिळेसाठी आले होते. ऐहोळेच्या टेकडीवर मेगुती नावाचे जैन मंदिर आहे. त्याच्या भिंतीवर रविकीर्तीचा संस्कृत शिलालेख आहे, शके ५५६ चा, म्हणजे इसवी सन ६३४ चा. दुसऱ्या पुलकेशीच्या पराक्रमाचे त्यात वर्णन आहे. हा राजा तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि त्यांतल्या नव्व्याण्णव हजार गावांचा स्वामी झाला, असे त्यात म्हटले आहे. आपल्या प्रदेशाचे नाव दगडावर कोरलेले इतके जुने उल्लेख फार थोडे. शिवाय रविकीर्ती स्वतःची तुलना कालिदास-भारवींशी करतो, त्यामुळे त्या कवींच्या काळाला एक पक्की मर्यादा मिळते. गुरुजी हे वर्गात शिकवत आले होते. पाहिले मात्र कधी नव्हते.

“मॅनेजरसाहेब, मेगुतीला जायचं ना?” त्यांनी विचारले.

“ते टेकडीवर आहे, गुरुजी. आपल्याकडे ऐहोळे दर्शन आहे. हे दुर्गामंदिर बघा ना, दुर्गामातेचं!”

आता हे दुर्गामंदिर दुर्गामातेचे नव्हे. त्याच्याजवळ कधी काळी तटबंदी होती. दुर्गाजवळचे म्हणून ते दुर्ग-मंदिर. मागची बाजू अर्धवर्तुळाकार असलेली त्याची ती गजपृष्ठ बांधणी पाहण्यासाठी जाणकार लांबून येतात. पण मॅनेजरला दोष देण्यात अर्थ नाही. माणसे मोजणे, किल्ल्या वाटणे, जेवण वेळेवर मिळवणे ही त्याची कामे, आणि ती त्याने चोख केली. तो गाईड नव्हताच. पत्रकात ‘अनुभवी मार्गदर्शक सोबत’ असे छापले होते, ते या गृहस्थांनाच उद्देशून होते, एवढेच.

याउलट हंपीला स्थानिक परवानाधारक गाईड घेतला होता. विठ्ठल मंदिरात त्याने दगडी रथ दाखवला, खांबांना हात लावू दिला नाही आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी विठ्ठलमूर्ती विजयनगरहून पंढरपूरला परत आणल्याची परंपराही सांगितली. “ही परंपरा आहे, पुरावा नव्हे,” हे त्याने आपण होऊन म्हटले. चांगला गाईड ओळखण्याची याहून सोपी खूण मला ठाऊक नाही.

ऐहोळेची वेळ गेली कुठे? साडेपाचच्या सुमारास बस इलकलला एका दुकानासमोर थांबली, तेव्हा उत्तर मिळाले. इलकल लुगड्यांचा मोह आम्हा बायकांना असतोच; मीही एक घेतले. पण पत्रकात नसलेल्या त्या दुकानाला तब्बल सव्वा तास मिळाला, आणि मेगुती चढून-उतरून यायला एक तास पुरला असता. गुरुजी बसमध्येच बसून होते. “जाऊ द्या, बाई,” ते म्हणाले, “खालून टेकडी तर दिसली.” त्या शब्दांत तक्रार नव्हती, म्हणून ते अधिक लागले.

हॉटेलांविषयी थोडक्यात. बदामीचे साधे होते आणि स्वच्छ होते. ‘हंपी मुक्काम’ प्रत्यक्षात होस्पेटला, म्हणजे बारा-तेरा किलोमीटरांवर होता. ते गैरसोयीचे नाही, पण सूर्योदय हंपीत पाहण्याचे बेत तिथेच मावळतात. पत्रकात एका बऱ्या हॉटेलाचे नाव होते आणि पुढे ‘किंवा तत्सम’. व्याकरणात ‘किंवा’ विकल्प दाखवतो. इथे विकल्प कंपनीचा असतो. आम्हाला ‘तत्सम’ मिळाले : बसस्थानकासमोर, लिफ्ट बंद, गरम पाणी सहा ते आठ आणि निघायची वेळ साडेसहा.

राहता राहिला पैसा. छापील दर माणशी १८,९०० रुपये. त्यावर ५ टक्के कर ९४५. ड्रायव्हर-मदतनिसांची ‘ऐच्छिक’ बक्षिसी रोजी २०० प्रमाणे १,०००. ती पहिल्याच दिवशी गोळा केली, यावरून ऐच्छिक शब्दाचा अर्थ कळावा. प्रवेशपत्रिका आणि विठ्ठल मंदिरापर्यंतची बॅटरीची गाडी मिळून ३५०, तुंगभद्रेतली टोपलीसारखी गोल नाव ५००, वाटेवरची दोन जेवणे ६००. एकूण २२,२९५, म्हणजे छापील दराहून शेकडा अठरा अधिक. यातली एकही रक्कम खोटी नव्हती. ‘दरात समाविष्ट नाही’ या शीर्षकाखाली बारीक अक्षरांत बहुतेक सगळे होते.

तेव्हा पुढे जाणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागाव्यात. कोणत्या ठिकाणी किती वेळ थांबणार आणि ‘दर्शन’ म्हणजे आतून की बाहेरून? कोणत्या ठिकाणी परवानाधारक गाईड आहे? हॉटेलचे नाव काय, आणि ते बदलले तर कधी कळवणार? दुकानांचे थांबे किती? दरात नसलेल्या खर्चाची बेरीज किती? शुक्रवार कुठे येतो तेही पाहावे, कारण पुरातत्त्व खात्याची तिथली संग्रहालये त्या दिवशी बंद असतात. आणि ज्या एका वस्तूसाठी आपण घर सोडतो आहोत, तिचे नाव पत्रकात स्वतंत्रपणे लिहून घ्यावे. ‘ऐहोळे’ एवढे पुरत नाही. ‘मेगुती’ असे लिहून घ्यावे.