कोण ऐकतंय, हे कोडला ठाऊक असावं का?

संपादकांनी फोनवर बजावलं होतं, "कोड अजिबात नको, आमच्या वाचकांना झेपेल असं लिहा." मी ते अर्धंच ऐकलंय. खाली सात ओळी कोड आहे, पण नुसतं चित्र म्हणून पाहिलात तरी चालेल.

काही महिन्यांपूर्वी औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याने बोलावलं. दुकानदारांना 'ऑर्डर पक्की' असा एसएमएस जायचा आणि गोदामात माल नसायचा. प्रोग्रॅम वरवर देखणा होता. ऑर्डर पक्की झाली की तो फक्त तशी घोषणा करी. ती ऐकून एक भाग साठा कमी करी, दुसरा बिल करी, तिसरा एसएमएस पाठवी. याला ऑब्झर्व्हर पॅटर्न म्हणतात. ऐकणारे कोण आणि किती, याचा घोषणा करणाऱ्याला पत्ता नसतो. नवा ऐकणारा आला तरी त्याच्या कोडला हात लावावा लागत नाही, हीच त्याची खुबी.

घोटाळाही तिथेच होता. ऐकणारे ज्या क्रमाने नोंदवले, त्याच क्रमाने त्यांना हाक जात होती. आधी साठा, मग बिल, मग एसएमएस. कुणीतरी नीटनेटकेपणा म्हणून नोंदणीच्या ओळी अक्षरानुक्रमे लावल्या: `BillListener`, `SmsListener`, `StockListener`. आता साठा सगळ्यात शेवटी तपासला जाऊ लागला. माल नाही म्हणून तो भाग अडे, तेव्हा एसएमएस केव्हाच निघून गेलेला असे. प्रत्येक भागाची चाचणी सुटी होती, त्यामुळे सगळ्या चाचण्या हिरव्या! 'साठा आधी, एसएमएस नंतर' हा व्यवहाराचा नियम कोडमध्ये कुठेच लिहिलेला नव्हता, तो फक्त ओळींच्या क्रमात लपून बसला होता.

दुरुस्ती अगदी साधी होती:

```java
void confirm(Order o) {
    tx.run(() -> {
        stock.reduce(o);
        bill.create(o);
    });
    events.publish(new OrderConfirmed(o));
}
```

साठा आणि बिल आता थेट, एकाखाली एक आहेत आणि एकाच व्यवहारात बांधलेले आहेत. एक फसलं की दोन्ही रद्द होतात. घोषणा होते ती व्यवहार पक्का झाल्यावरच. एसएमएसला मात्र ऑब्झर्व्हरच राहू दिलं. तो गेला नाही म्हणून ऑर्डर खोटी ठरत नाही, आणि उद्या ईमेल किंवा विक्रीचा तक्ता जोडायचा झाला तर याच घोषणेवर जोडता येईल. मी एवढंच विचारतो: हा ऐकणारा काढून टाकला तर मूळ काम चुकीचं होतं का? होत असेल, तर त्याला ऐकणारा म्हणू नका, सरळ नावाने हाक मारा.

त्याच प्रोग्रॅममध्ये `InvoiceFactory` होती. वस्तू कुठल्या प्रकारची बनवायची, हा निर्णय फॅक्टरी एका जागी ठेवते. जावामधलं `Calendar.getInstance()` घ्या. थायलंडची भाषा-देश मांडणी असेल तर ते बौद्ध पंचांग देतं, एरवी सहसा ग्रेगरियन. मागणाऱ्याला फरक कळावा लागत नाही. इथे निवड खरी आहे आणि ती प्रोग्रॅम चालू असताना होते. आमच्या विक्रेत्याकडे बिलाचा प्रकार एकच. फॅक्टरी, तिचा इंटरफेस, त्या इंटरफेसचा एकुलता एक वारस. बिल कुठे बनतं हे शोधायला तीन फायली उघडा, आणि शेवटी हाती `new Invoice(o)`.

आता माझा जुना राग. गामा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसाइड्स या चौघांचं पुस्तक 1994 मध्ये आलं, त्यात 23 पॅटर्न आहेत. मुलाखतीला येणारी मुलं ते पाढ्यासारखे म्हणून दाखवतात. पण पुस्तकातली उदाहरणं सी++ आणि स्मॉलटॉकमधली आहेत, हे किती जणांच्या लक्षात असतं? पीटर नॉर्विग यांनी 1996 मध्येच दाखवलं होतं की लिस्प किंवा डायलनसारख्या भाषेत त्यातले 16 पॅटर्न एक तर दिसेनासे होतात, नाहीतर बरेच सोपे होतात. फंक्शन हीच वस्तूसारखी हातातून हातात देता आली, की त्यासाठी वेगळा क्लास कशाला? म्हणजे पुष्कळसे पॅटर्न ही भाषेच्या उणिवांवरची ठिगळं होती. हे बोललं की लोक मला पुस्तकाचा वैरी समजतात. वैरी कसला, माझी प्रत वापरून वापरून सुटी झाली आहे. ऑब्झर्व्हरमध्ये ऐकणाऱ्याचं नाव वेळेवर काढलं नाही तर तो मेमरीत तसाच अडकून राहतो, हा धोका आजच्या भाषांतही टळलेला नाही. त्यावर मात्र मुलाखतीत कुणी विचारत नाही.

विक्रेत्याच्या टीमने ऑर्डरचा बदल लगेच स्वीकारला, पण फॅक्टरी काढायला ठाम नकार दिला. "सर, उद्या दुसऱ्या प्रकारचं बिल आलं तर?" मी म्हटलं, येईल तेव्हा एडिटरच्या मदतीने अर्ध्या तासात फॅक्टरी बनवता येते, आणि तेव्हा ती कशासाठी हवी तेही ठाऊक असेल. पटलं नाही. ती अजून तिथेच आहे.