उडी न मारता बर्पी

आमच्या घरातील तरुण मंडळी व्यायामशाळेतून येऊन ‘आज पन्नास बर्पी मारल्या’ असे अभिमानाने सांगतात, तेव्हा साठी ओलांडलेल्यांना हा शब्द एखाद्या नव्या खाद्यपदार्थाचा वाटतो. प्रत्यक्षात तो एका माणसाच्या आडनावावरून आलेला आहे. रॉयल बर्पी या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने 1930 च्या दशकात माणसाची शारीरिक क्षमता चटकन अजमावण्यासाठी ही हालचाल योजली. ओणवे बसून हात जमिनीवर टेकणे, पाय मागे टाकणे, ते परत जवळ घेणे आणि उभे राहणे, एवढेच तिचे चार भाग होते. शेवटची उंच उडी आणि मधला दंड ही दोन्ही पुढच्या काळातील भर आहे. त्यामुळे उडी वगळली तर व्यायाम अपुरा राहतो, असा संकोच कोणी मनात बाळगण्याचे कारण नाही.

या विषयाकडे मी वळलो तो माझ्या धाकट्या बंधूंमुळे. त्यांचे वय अठ्ठावन्न. कापडाच्या दुकानात गादीवर बैठक, ती सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांना गादीवरून उठताना गुडघ्यावर हात रोवावा लागू लागला, आणि पोटमाळ्यावरचा माल काढायला ते नोकराला धाडू लागले. माल नजरेखालून जात नाही, तेव्हा खरेदीचे अंदाज चुकतात, हे व्यापारी वाचकांना मी सांगायला नको. ‘दादा, दुकान मुलाच्या हाती सोपवायची माझी तयारी आहे, पण गुडघ्याने सोपवायला लावले, असे व्हायला नको,’ असे ते एकदा म्हणाले. अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून गुडघ्यांची झीज सुरुवातीची असल्याचे सांगितले आणि मांडीचे व नितंबांचे स्नायू बळकट करण्याचा सल्ला दिला. पुढे फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे व्यायाम दिले, त्यांतला एक म्हणजे ही बिनउडीची बर्पी.

मूळ व्यायामात गुडघ्याला त्रास होण्याच्या जागा तीन आहेत. पहिली, दोन्ही पाय एकदम उडवून पुढे आणण्याची. तेथे तळपाय आदळतात. दुसरी, हात जमिनीवर टेकण्यासाठी खोल ओणवे बसण्याची. गुडघा जितका अधिक दुमडतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर अधिक दाबली जाते. तिसरी, उंच उडीनंतर खाली येण्याची. त्या क्षणी गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. पाय एकेक करून टाकले की पहिली जागा टळते, हात उंचावर टेकले की दुसरी, आणि उडीऐवजी नुसते ताठ उभे राहिले की तिसरी. स्नायूंचे काम मात्र बहुतेक सारे शिल्लक राहते.

बंधूंनी आरंभ स्वयंपाकघरातील ओट्यापासून केला. ओटा साधारण कमरेइतका उंच असतो आणि जागचा हलत नाही. ओट्यापासून हातभर अंतरावर, पावले खांद्यांइतकी रुंद ठेवून उभे राहावे. गुडघे पुढे न ढकलता, मागे खुर्ची आहे असे समजून आधी बैठक मागे न्यावी आणि दोन्ही तळवे ओट्याच्या कडेवर टेकावेत. मग उजवा पाय मागे, त्यापाठोपाठ डावा पाय मागे. आता डोके, कंबर आणि टाचा एका सरळ रेषेत हव्यात. पोट किंचित आत ओढून एक संथ श्वास घ्यावा. नंतर उजवा पाय पुढे, डावा पाय पुढे. आणि दोन्ही टाचांवर भार देत, नितंब आवळत उभे राहावे व हात डोक्यावर न्यावेत. ही एक आवृत्ती झाली. पुढच्या आवृत्तीत डावा पाय आधी न्यावा, म्हणजे दोन्ही पायांवर सारखे काम येते. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना एकेक पाय मागे नेण्याची ही रीत ओळखीची वाटेल.

श्वास कोंडून धरू नये; खाली जाताना घ्यावा, उठताना सोडावा. एका आवृत्तीला सात-आठ सेकंद लागू द्यावेत. बंधूंनी पहिल्या आठवड्यात पाच आवृत्त्या, मग एक-दोन मिनिटे विश्रांती, असे दोन वेळा केले, आणि तेही एक दिवस आड.

चूक होते ती बहुधा पाय पुढे आणताना. पाऊल लहान पडले तर टाच उचललेली राहते आणि सारा भार गुडघ्याच्या पुढच्या भागावर येतो. पूर्ण तळपाय टेकतो की नाही, हे पाहावे. टेकत नसेल तर हाताखालचा आधार अधिक उंच घ्यावा. पाऊल टेकल्याचा आवाज आला, तर आपण पाय ठेवत नसून टाकत आहोत असे समजावे. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकतात का, हे समोरून दुसऱ्याने पाहिलेले बरे. ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने राहिले पाहिजेत. कंबर खाली लोंबू लागली, तर मोजणी तेथेच थांबवावी. मनगट दुखत असेल तर तळव्याऐवजी मूठ टेकता येते.

प्रगती मोजण्याचे माप आम्ही जिन्यावर ठेवले. व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना गुडघा पूर्वीइतकाच किंवा कमी दुखला, तर ती मात्रा योग्य. अधिक दुखला, तर पुढच्या वेळी आवृत्त्या कमी. आठ आवृत्त्यांचे तीन फेरे या कसोटीला दोन आठवडे उतरले, तेव्हाच ते ओट्यावरून जेवणाच्या टेबलावर आले. टेबल भिंतीला लावून ठेवले होते, कारण सरकणारा आधार हा या व्यायामातला सर्वांत मोठा धोका आहे. चौथ्या महिन्यात भिंतीला टेकवलेल्या भक्कम खुर्चीवर हात ठेवून एकदा पाहिले. दुसऱ्या दिवशी जिन्याने तक्रार केली, म्हणून ते निमूटपणे टेबलावर परतले आणि आजही तेथेच आहेत. जमिनीपर्यंत पोहोचलेच पाहिजे असा नियम नाही.

काही गोष्टी मात्र आधी वैद्यकीय सल्ल्याच्या आहेत. गुडघ्याला सूज किंवा उष्णता असणे, गुडघा मध्येच अडकणे किंवा अचानक दगा देणे, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, आणि उभे राहताना डोळ्यांसमोर अंधारी येणे, यांपैकी काही असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून आरंभ करू नये. व्यायाम चालू असताना छातीत दाब वाटला किंवा चक्कर आली, तर त्या क्षणी थांबावे. उपवासाच्या दिवशी बंधू तो करीत नाहीत.

झिजलेली कूर्चा या व्यायामाने भरून येत नाही, आणि बंधूंचा गुडघा आजही पावसाळ्यात कुरकुरतो. बदल झाला आहे तो एवढाच की, गादीवरून उठताना त्यांचा हात आता गुडघ्यावर जात नाही, आणि दिवाळीच्या मालाची मोजदाद गेल्या वर्षी त्यांनी स्वतः पोटमाळ्यावर चढून केली.