अठरा तासांतले अकरा

सवाईची यादी जाहीर होते तेव्हा तिच्यात कलाकार असतात, साथीदार असतात, वार असतात. राग नसतात. नेमका तोच तपशील मला हवा असतो.

सवाई म्हणजे पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव. पाच दिवस, डिसेंबर. आम्ही राहतो लालबागला आणि मला वर्षअखेरीला मिळते एक सुट्टी. त्यामुळे पाचही दिवसांचं सीझन तिकीट काढून मंडपात मुक्काम ठोकणाऱ्या पुणेकरांचा सल्ला माझ्या उपयोगाचा नसतो. या वेळी तर बाबा बरोबर येणार होते. वय सदुसष्ट, गुडघे बरे, कान मात्र दोन वर्षांपासून उतरणीला लागलेले. कानाचं मशीन घेऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्या चार महिन्यांत त्यांनी गाणं ऐकणं जवळजवळ सोडलं होतं. गिरगावात चाळीतल्या गणपतीपुढे रात्ररात्र बसून ज्यांनी कान तयार केला, त्या माणसाने. विचारलं तर म्हणायचे, "मशीन लावलं की तंबोरा थरथरतो. काढलं की शब्द जातात. कशाला ऐकायचं?"

म्हणून यादी हातात आल्यावर मी एक तक्ता केला. व्यवसायच तसा आहे. पण त्यात कलाकारांची नावं दुसऱ्या रकान्यात होती. पहिला रकाना घड्याळाचा होता.

त्यामागचं कारण थोडं जुनं आहे. सवाई गंधर्व १९५२ साली गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ भीमसेन जोशींनी १९५३ पासून हा उत्सव सुरू केला. पुढे कित्येक वर्षं तो रात्रभर चालायचा. मालकंस, दरबारी आपापल्या वेळेला यायचे आणि पहाटेला ललत, सकाळी तोडी. मग ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले मोजके दिवस सरकारने परवानगी दिली तर बारापर्यंत. अलीकडच्या वर्षांत पहिले तीन दिवस साधारण दुपारी तीन ते रात्री दहा, शनिवारी चार ते बारा आणि रविवारी दुपारी बारा ते रात्री दहा असं वेळापत्रक असतं.

आता रागांचं घड्याळ या वेळापत्रकावर ठेवून बघा. दुपारी तीन-चारला भीमपलासी, मुलतानी, पटदीप. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साडेपाच ते साडेसहा हा पूरिया धनाश्री, मारवा, श्री यांचा पट्टा. त्यानंतर यमन आणि त्याचे भाऊबंद, मग बिहाग, बागेश्री. बुधवार, गुरुवार, शुक्रवार हे तिन्ही दिवस या एकाच पट्ट्यातून फिरतात. कलाकार बदलतात, रागांची वस्ती तीच. दहाच्या पलीकडे शनिवारच जातो. आणि सारंगाची दुपार रविवारच देतो.

एवढं दिसल्यावर निवड सोपी झाली. मोठी नावं शुक्रवारी होती, ऑफिसातल्या मित्राने तर "शुक्रवार सोडणारी वेडी" असं लिहून पाठवलं. आम्ही शनिवार आणि रविवार घेतले, आणि माझी एकुलती सुट्टी सोमवारला लावली. रात्री दहाला गाणं संपल्यावर धावत मुंबईला परतण्यात कानातलं सगळं वाटेतच सांडतं. त्यापेक्षा सहकारनगरला मावशीकडे झोपायचं आणि सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने दादर गाठायचं. महोत्सव मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो, मावशीच्या घरापासून रिक्षाने जवळ. हा आमचा फायदा, सगळ्यांचा नसेल.

कोण कुठला राग गाणार हे आधी कळत नाही, पण अंदाज बांधता येतो. कलाकाराला साधारण तासभर ते सव्वा तास मिळतो. मध्ये मांडामांड, तंबोरे जुळवणं, एखादा सत्कार, यात दहा-पंधरा मिनिटं जातात. पहिल्याला चार वाजता बसवला की दुसरा सव्वापाच-साडेपाचला येतो. तिसरा सातला. आणि आधीच्या कलाकाराने जो राग घेतला तो नंतरचा सहसा टाळतो, म्हणून संध्याकाळी सातला कुणी यमन गाऊन गेलं तर पुढचा दुसरीकडे वळणार. आमच्या तक्त्यात शनिवारी दुसऱ्या जागेवर एक तरुण गायक होता, माझ्या ऐकण्यातला नाही. तरी त्याच्यापुढे मी तारा काढली. सूर्यास्ताची जागा त्याच्याकडे होती.

बाबांच्या कानाचा प्रश्न वेगळा होता, आणि तिथे माझं इंजिनीअरिंग थोडं कामाला आलं. वयाने कान उतरतो तो आधी वरच्या पट्टीत, साधारण दोन हजार हर्ट्झच्या पुढे. पुरुष गायकाचा काळी एकचा षड्ज १४० हर्ट्झच्या आसपास, बाईंचा काळी चार-पाचचा सव्वादोनशेच्या आगेमागे. तार सप्तकापर्यंत गेलं तरी मूळ स्वर हजाराच्या आत राहतो. म्हणजे स्वर बाबांना मशीनशिवायही पोचत होता. जात होती ती व्यंजनं, बंदिशीतले 'त' आणि 'स', आणि तंबोऱ्याच्या जवारीची वरची झळाळी.

मग मशीन लावल्यावर तंबोरा थरथरतो का? मशीनमध्ये शिट्टी वाजू नये म्हणून एक सोय असते. एकच सूर लांबत राहिला की तिला वाटतं ही शिट्टीच आहे, आणि ती त्या सुराला दाबायला धावते. माणसांच्या बोलण्यात लांब सूर नसतो, त्यामुळे तिथे ही सोय गुपचूप काम करते. तंबोरा म्हणजे नुसता लांब सूरच. ऑडिओलॉजिस्टला हे सांगितलं तर त्यांनी पाच मिनिटांत संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम भरून दिला, ज्यात ती सोय आणि गोंगाट कमी करणारी सोय दोन्ही जवळजवळ बंद. मशीनवरचं बटण दाबलं की प्रोग्रॅम बदलतो. घरी मोबाइलवर तंबोऱ्याचं ॲप लावून आम्ही आठवडाभर रोज पंधरा मिनिटं बसलो. चौथ्या दिवशी बाबांनी स्वतःच पंचम खरजात नेऊन बघितला. आईने टीव्ही बंद केला नाही, पण आवाज कमी केला.

जागाही त्याच हिशेबाने घेतली. भारतीय बैठक स्वस्त आणि मजेची, पण पाच तास मांडी घालून बसणं बाबांना जमणारं नव्हतं. खुर्च्याच घेतल्या, मधल्या वाटेच्या कडेला, आणि स्पीकरच्या खांबांपासून लांब. मोबाइलवर आवाज मोजणारं ॲप अचूक नसतं, तुलनेला पुरतं. खांबाजवळ झाल्यात चढलेला तबला ९० डेसिबलच्या वर दाखवत होता, आमच्या रांगेत ८०. दर तीन डेसिबल वाढले की कानाला झेपणारा वेळ निम्मा होतो असा सर्वसाधारण हिशेब आहे. आधीच थकलेल्या कानासाठी हा फरक मोठा.

शनिवारी दादरहून शिवनेरीने निघालो, मावशीकडे जेवलो आणि बाबांना दीड तास झोपवलं. झोप हा नियोजनाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग होता असं माझं ठाम मत आहे. चारचा पहिला कलाकार त्यासाठी सोडला. सव्वापाचला मंडपात शिरलो, तरुण गायकाने पूरिया धनाश्रीच धरला. बाहेर उजेड उतरत होता, आत त्याचा कोमल रिषभ. बाबांनी दोनदा बटण दाबलं आणि मग हात मांडीवर ठेवला.

तिसरी जुगलबंदी होती. आम्ही उठलो, बाहेरच्या स्टॉलवर पिठलं-भाकरी खाल्ली, मशीन काढून डबीत ठेवलं. कान शांत राहायला हवा असतो, आणि तो नुसता कमी आवाजात नाही तर काही न ऐकता. बाबांना हे पटलं नाही. "आम्ही रात्रभर बसायचो, मधे डुलकी लागायची. झोपेत ऐकलेलंपण ऐकलेलंच असतं," म्हणाले. त्यांच्या बाजूने बोलायचं तर तेव्हा कुणाला सोमवारी स्टँडअपला उभं राहायचं नव्हतं.

थकल्याचं कसं ओळखायचं, याची माझी एक खूण आहे. सम आली हे मला कानाने न कळता पुढच्या रांगेतल्या मानांवरून कळायला लागलं की मी उठते. फोन हातात येणं ही त्याच्या आधीची पायरी. मात्र उठायचं ते दोन कलाकारांच्या मध्ये. विलंबित चालू असताना वाटेतून जाणाऱ्या माणसाकडे मंडप ज्या नजरेने बघतो ती एकदा बघितली की पुरते.

साडेदहानंतर शेवटच्या ज्येष्ठ गायिका आल्या. बाबांनी दरबारीवर पैज लावली होती. आला मालकंस. पैज हरल्याचं त्यांना अजिबात वाईट वाटलं नाही, कारण मालकंसात रिषभ-पंचम नाहीत, तंबोऱ्याची पहिली तार मध्यमात लावलेली, आणि सगळी इमारत खालच्या सप्तकात. त्यांचा कान जिथे धड आहे नेमक्या त्या भागात. वीस मिनिटं गेल्यावर त्यांनी मशीन काढून खिशात टाकलं. मी काही बोलले नाही. बाहेर आलो तेव्हा थंडी मुरली होती, रिक्षा मिळायला पंचवीस मिनिटं लागली. ती वेळ मी तक्त्यात धरली नव्हती, पुढच्या वेळी धरेन.

रविवारी बाराला शुद्ध सारंग ऐकला आणि सव्वाला सरळ घरी आलो. दहा तासांची बैठक सलग काढणं मला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीही जमत नाही. चार तास सुट्टी, साडेपाचला परत, मग शेवटपर्यंत. अठरा तासांच्या गाण्यातले आम्ही अकरा ऐकले.

सगळं संपल्यावर सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवीची ठुमरी लावतात, जुन्या तबकडीवरची. लोक उभे राहून ऐकतात. त्या काळच्या ध्वनिमुद्रणात वरच्या कंपनांचा भाग फारसा उतरायचाच नाही, म्हणून माझ्यासारख्यांना तो आवाज पेटीतून आल्यासारखा वाटतो. बाबा माझ्याकडे वळले.

"हे किती स्वच्छ आहे," म्हणाले. मशीन खिशातच होतं.

सकाळी डेक्कन क्वीनमध्ये कर्जतपर्यंत ते झोपले.