रोजची वाट

आमच्या घरी संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला एक उत्तर मिळते. आम्ही चपला काढून ठेवतो, सौभाग्यवती पाण्याचा पेला पुढे करतात व विचारतात, “काय विशेष?” त्यावर आम्ही म्हणतो, “काही नाही.” हा संवाद गेली सत्तावीस वर्षे चालू आहे. पहिल्या काही वर्षांत ह्या दोन वाक्यांच्या मध्ये पुष्कळ मजकूर असे. कचेरीतल्या गमती असत, गाडीतले तंटे असत, क्वचित वरिष्ठांची नक्कलही असे. पुढे मजकूर गळत गेला आणि केवळ कंस तेवढे शिल्लक राहिले.

आम्ही डोंबिवलीस राहतो व फोर्टात नोकरी करतो. म्हणजे रोज सुमारे ४८ किलोमीटर जातो आणि तितकेच परत येतो. गाडी ठरलेली, डबा ठरलेला, डब्यात उभे राहण्याचा कोपरासुद्धा ठरलेला. गाडीतून उतरलो म्हणजे दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानींखालून हुतात्मा चौकापर्यंत बारा मिनिटे चालायचे आणि टेबलाशी जाऊन बसायचे. गेल्या वर्षी ह्या सर्व प्रकाराचा आम्हांस एकाएकी असा काही उबग आला की, एके रात्री स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून आम्ही तो सौ. पुढे ठेवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि म्हटले, “अहो, कचेरीचा कंटाळा आला तर घरी याल. घराचा आला म्हणजे कुठे जाल?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते; म्हणून अर्ज खणात गेला व आम्ही आमच्या रोगाची चिकित्सा आरंभिली. प्रथम आम्हांस वाटले, हा थकवाच असावा. परंतु थकलेला मनुष्य रविवारी दुपारी पोटभर झोपला की ताजा होऊन उठतो. आम्ही झोपून उठत होतो ते अधिकच चिडचिडे होऊन. अंग विसावलेले असे आणि मन मात्र पिंजऱ्यातल्या पोपटासारखे या दांडीवरून त्या दांडीवर उड्या मारी. थकव्याला विश्रांती हवी असते. कंटाळ्याला विश्रांती दिली तर तो वाढतो. दोहोंची ही खूण आम्हांस फार उपयोगी पडली. कारण तोवर आम्ही रोगावर उलटेच औषध घेत होतो.

विल्यम जेम्स नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९० साली लिहिलेल्या ग्रंथात सवयीची बाजू मोठ्या हिरिरीने मांडली आहे. दैनंदिन व्यवहार जितके सवयीच्या हवाली करावे तितकी बुद्धी वरच्या कामाला मोकळी राहते, असे त्याचे म्हणणे. हे अगदी खरे आहे. सदऱ्याची गुंडी लावताना रोज नव्याने विचार करावा लागला असता तर आमची गाडी रोजच चुकली असती. पण त्याच ग्रंथात कालाची जाणीव सांगताना तो असेही म्हणतो की, वय वाढते तसतसे अनुभव सवयीच्या साच्यात पडतात, मग दिवस व आठवडे स्मरणात गुळगुळीत होतात आणि वर्षे आतून पोकळ होऊन कोसळतात. म्हणजे जी सवय दिवसाचे श्रम वाचविते, तीच वर्ष गिळून टाकते. आमची सत्तावीस वर्षे कुठे गेली याचा पत्ता आम्हांस येथे लागला.

डोळे उघडे असून मनुष्यास कसे दिसेनासे होते, याचाही एक प्रयोग झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्याकडे टक लावून बसणाऱ्या सैनिकांच्या नजरेतून शत्रूच्या खुणा निसटू लागल्या. तेव्हा नॉर्मन मॅकवर्थ ह्या संशोधकाने एक घड्याळ तयार केले. त्याच्या कोऱ्या तबकडीवर एकच काटा दर सेकंदास एक पाऊल टाकी, आणि क्वचित केव्हातरी एकदम दोन पावलांची उडी मारी. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. पण ते सलग दोन तास करावयाचे. १९४८ साली त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत असे दिसले की पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसे उड्या चुकवू लागतात. परंतु अर्धा तास काम व अर्धा तास विसावा अशी वाटणी केली, तर नजर पहिल्याइतकीच तल्लख राहते. हे वाचून आम्ही मनाशी म्हटले, अर्ध्या तासात सैनिकाची ही गत, तर सत्तावीस वर्षे एकाच काट्याकडे पाहणाऱ्या आमच्यासारख्याने किती उड्या चुकविल्या असतील!

लगेच आम्ही सुधारणेस लागलो, आणि नवशिका करतो तीच चूक केली. एका सोमवारी सर्वच बदलून टाकले. पहाटे पाचला उठलो, चहा वर्ज्य केला, निराळी गाडी धरली, निराळ्या डब्यात शिरलो. पहिल्या दिवशी चष्मा घरी राहिला, दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा गाडीत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी डोके दुखून आम्हीच घरी राहिलो. ज्या सवयींनी मन मोकळे ठेवायचे त्याच मोडल्यावर नवे काही पाहावयास मन उरलेच नाही. ते सारे चष्मा व डबा सांभाळण्यात खर्च झाले. नावीन्याला टेकावयास जुन्याची भिंत लागते. तेव्हा गाडी, डबा, चहा, सारे पूर्ववत् केले आणि एकच गोष्ट बदलण्याचे ठरविले. ती म्हणजे स्थानकापासून कचेरीपर्यंतची वाट. नेहमीच्या वाटेपेक्षा पाचच मिनिटे अधिक लागतील, अशी दुसरी वाट निवडली.

जनरल पोस्ट ऑफिसच्या बाजूने निघून शहीद भगतसिंग मार्गाने दक्षिणेस चालू लागलो. ह्या रस्त्याला जुनी मंडळी अजून मिंट रोड म्हणतात. वाटेत बझारगेटचा फाटा लागला. किल्ल्याच्या तटाला जो बाजार दरवाजा होता, त्यावरून पडलेले हे नाव. तट १८६० नंतरच्या दशकात पाडला गेला, दरवाजा गेला, नाव राहिले. तेथेच दगडी कोरीवकामाचे एक कारंजे उभे आहे. रतनशी मुळजी नावाच्या व्यापाऱ्याने आपल्या अकाली वारलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ते बांधविले. आराखडा स्टीव्हन्सचा, म्हणजे ज्याने आमचे बोरीबंदरचे स्थानक उभारले त्याच शिल्पज्ञाचा. माथ्यावर एका मुलाची मूर्ती आहे. आम्ही मान वर करून तेथे बराच वेळ उभे राहिलो. एका बापाने आपले दुःख भर रस्त्यात उभे करून ठेवले होते, आणि शेजारच्या रस्त्यावरून सत्तावीस वर्षे जाणाऱ्या आम्हांस त्याची वार्ताही नव्हती.

त्या दिवशी संध्याकाळी “काय विशेष?” ह्या प्रश्नावर आमच्या तोंडून सवयीने “काही” एवढा शब्द गेला, पण “नाही” घशातच राहिले. आम्ही कारंज्याची हकीकत सांगू लागलो. सौ. पाण्याचा पेला हातात तसाच धरून ऐकत राहिल्या. तेव्हापासून आम्ही एक माप ठरवून टाकले. रात्री घरी सांगण्याजोगे एक वाक्य ज्या बदलातून निघते, तो बदल कामाचा. नुसता पायजम्याचा रंग बदलला तर असे वाक्य निघत नाही. भाजी आणण्याचे दुकान बदलले तर बहुधा निघते.

पण ही गुळगुळीत यशाची कथा नव्हे. तिसऱ्या आठवड्यात ते कारंजेही आम्हांस दिसेनासे झाले. एके दिवशी कचेरीच्या दारात पोहोचल्यावर ध्यानात आले की, आपण त्याच्यावरून आलो आणि मान वर झालीच नाही. नावीन्य हे कोथिंबिरीसारखे आहे. साठवून ठेवू गेलो की कोमेजते. निराश होऊन आम्ही पुनः आमच्या जुन्या रस्त्याला लागलो, आणि खरे नवल तेथे घडले. तीन आठवड्यांच्या खंडानंतर दादाभाई नौरोजी रस्त्याच्या कमानी आम्हांस जणू प्रथमच दिसल्या. इमारत गॉथिक असो की दुसऱ्या कोणत्या धाटणीची, प्रत्येकीच्या पायथ्याशी कमानींचा छायापथ अखंड चालला आहे, हे आमच्या कधी लक्षातच आले नव्हते. चौकशी करता कळले की, तसा नियमच १८९६ साली केला गेला होता. पादचाऱ्याला ऊन व पाऊस लागू नये, ही त्यामागची सोय. ज्या सावलीतून आम्ही सत्तावीस वर्षे कुरकुरत चाललो, ती कोणीतरी आमच्याचसाठी आखून ठेविली होती. सवयीने मेलेली संवेदना काही काळ मोकळी सोडली तर आपली आपण जिवंत होते, एवढेच ह्यातले रहस्य. तेव्हापासून आम्ही दोन्ही वाटा आलटून पालटून वापरतो. तिसरी शोधण्याची घाई करीत नाही.

ह्या उपायाला एक मर्यादा आहे, तीही सांगितली पाहिजे. नवी वाट, नवे माणूस, आवडीचा पदार्थ, कशानेही आठवडेच्या आठवडे गोडी येईना, झोप व भूक उडाली, तर तो कंटाळा नव्हे. तो आजार असू शकतो, आणि त्यासाठी बझारगेटला न जाता वैद्याकडे जावे.

असो. मागच्याच महिन्यातली गोष्ट. आम्ही घरी आलो, पेला हाती घेतला, आणि प्रश्न येण्यापूर्वी, काय मनात आले कोण जाणे, आम्हीच विचारले, “आज तुझे काय विशेष?” सौ. चकित होऊन पाहू लागल्या. त्यांचाही एक रस्ता आहे. ओट्यापासून खिडकीपर्यंत व खिडकीपासून दारापर्यंत तो जातो, आणि तो सत्तावीस वर्षे बदललेला नाही, हे त्या क्षणी आमच्या ध्यानात आले. आमच्या अर्जाला त्यांनी जे विचारले होते, ते उपदेशाने नव्हे, अनुभवाने विचारले होते.

त्या थोडा वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, “काही नाही हो,” आणि ओट्याकडे वळल्या. आम्ही जागचे हललो नाही. दोन पावलांवर गेल्यावर त्या परत फिरल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे, खिडकीतल्या त्या कढीलिंबाच्या झाडावर एका बुलबुलाने घरटे बांधायला घेतले आहे. चार दिवस झाले. सांगायचे राहिलेच.”

अर्ज अजून खणात आहे. त्याच्या कोऱ्या पाठीवर सौ. हल्ली वाण्याची यादी लिहितात.