क्लॅम्प सोडल्यावर

मिलिंग मशीनवर जॉब अजून बांधलेला होता, तेव्हाच मी डायल फिरवून मोजलं. २४०० मिलिमीटर लांबी, आणि टोकापासून टोकापर्यंत काटा दोन शतांश मिलिमीटरच्या आत. ड्रॉइंगला तेवढंच हवं होतं. मी रिपोर्टवर सही केली. ऑपरेटरने क्लॅम्प सोडले. का कोण जाणे, मी डायल पुन्हा एकदा फिरवला. मध्य खाली, दोन्ही टोकं वर. फरक ०.४ मिलिमीटर.

भोसरीतल्या त्या शॉपमध्ये क्वालिटीला लागून मला आठ महिने झाले होते. जॉब एका मशीनचा बेस होता. वर २५ मिलिमीटर जाडीची प्लेट, खाली लांब आणि आडव्या रिब्ज, सगळं वेल्डिंगने जोडलेलं. प्लेट वाकू नये म्हणून ती टेबलाला दणकट क्लॅम्पने जखडून वेल्ड करायची, ही माझीच सूचना. भट्टीचा खर्च आणि तीन दिवस वाचवायचे, यालाही मीच मान डोलावली होती. वेल्डिंगनंतर बेस सरळ दिसला, त्यामुळे मी खूश होतो.

आमचे सगळ्यात जुने वेल्डर, ज्यांना सगळे काका म्हणायचे, ते येऊन बघून गेले. "साहेब, तो सरळ नव्हता. तुम्ही धरून ठेवला होता," एवढंच म्हणाले.

त्या रात्री मी कॉलेजमधलं एक गणित पुन्हा मांडलं. एक मीटर लांबीची साध्या स्टीलची पट्टी दोन अजिबात न हलणाऱ्या भिंतींमध्ये घट्ट बसवली आहे असं समजा. स्टील १०० अंशांनी तापलं की मीटरमागे साधारण १.२ मिलिमीटर वाढतं. इथे वाढायला जागा नाही, म्हणून पट्टी तेवढी दाबली जाते. आणि साधं स्टील मीटरमागे सुमारे सव्वा मिलिमीटरच दाब सोसून परत मूळ लांबीवर येऊ शकतं. त्यापुढे दाबलं की ते कायमचं आखूड होतं. म्हणजे नुसत्या शंभरेक अंशांतच मर्यादा संपते.

वेल्डिंगमध्ये तर धातू १५०० अंशांच्या आसपास वितळतो. वेल्डच्या शेजारचा पट्टा लाल होतो, त्याला पसरायचं असतं, पण भोवतीची थंड प्लेट भिंतीसारखी उभी असते. पट्टा स्वतःतच चेपला जातो. मग तो थंड होतो आणि आकसायला लागतो. आता तो मूळ लांबीपेक्षा आखूड झालेला आहे, पण दोन्ही बाजूंनी प्लेटला चिकटलेला आहे. तो प्लेटला ओढतो, प्लेट त्याला ताणून धरते. सगळं थंड झाल्यावर वेल्डपाशी स्टीलला सोसेल तितका ताण शिल्लक राहतो आणि दूरच्या भागात त्याला तोलणारा दाब. बाहेरून काहीच दिसत नाही. यालाच अवशिष्ट ताण म्हणतात.

या ओढीला दोन वाटा असतात. प्लेट मोकळी असेल तर ती वाकते आणि ओढ थोडी कमी होते. प्लेट जखडलेली असेल तर ती वाकत नाही, पण ओढ आतच राहते. माझ्या क्लॅम्पने वाकणं थांबवलं होतं, कारण थांबवलं नव्हतं. पुढे मिलिंगमध्ये आम्ही वरून चार मिलिमीटरचा थर काढला. तो थर दाबलेला होता. पसरू पाहणारा, वरची बाजू लांब करू पाहणारा. तो गेल्यावर तोल बिघडला, वरची बाजू आखडली आणि टोकं उचलली. मशीनचे क्लॅम्प होते तोवर तेही कळलं नाही.

दुसरा बेस करायचा ठरला तेव्हा मी वही घेऊन काकांच्या शेजारी बसलो.

त्यांनी आधी वेल्डचा आकार विचारला. ड्रॉइंगमध्ये ६ मिलिमीटरचा फिलेट होता. पहिल्या जॉबवर गेज लावलं तर ठिकठिकाणी ९ निघाला. मजबुतीसाठी थोडा जास्त, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण फिलेटचा छेद त्रिकोणी असतो, त्यामुळे बाजू दीडपट झाली की भरलेला धातू सव्वादोन पट होतो. जेवढा धातू आणि उष्णता जास्त, तेवढी ओढ जास्त.

मग क्रम. पहिल्या वेळी एकच वेल्डर एका टोकापासून निघून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेला होता, आणि रिबची एक बाजू पूर्ण झाल्यावर दुसऱ्या बाजूला आला होता. काकांनी दोन सारख्या वाया गेलेल्या पट्ट्या घेतल्या, टॅक मारले आणि फक्त एका बाजूने वेल्ड केलं. उभी पट्टी वेल्डच्या बाजूला झुकली. मग त्यांनी दुसऱ्या बाजूने तेवढंच वेल्ड मारलं. पट्टी परत आली, पण पूर्ण नाही. "पहिला वेल्ड मोकळ्या लोखंडाला ओढतो. दुसऱ्याच्या वेळी पहिला आडवा येतो," ते म्हणाले.

म्हणून या वेळी दोन वेल्डर रिबच्या दोन बाजूंना समोरासमोर, एकाच वेगाने. सुरुवात मधून, काम टोकांकडे. रेघ सलग नाही, दीडशे मिलिमीटरचे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा उलटा: बाहेरच्या बाजूला सुरू करून आधीच्या तुकड्यापाशी आणून संपवायचा. बॅकस्टेप म्हणतात ते हेच. एका ठिकाणी उष्णता साठत नाही, आणि प्रत्येक तुकड्याची ओढ छोटी राहते. क्लॅम्प होतेच, पण जागा धरण्यापुरते.

क्रमाने ओढ वाटली जाते, संपत नाही. ती संपवायला भट्टी. थंड भट्टीत बेस सपाट आधारांवर ठेवला, कारण तापलेलं लोखंड स्वतःच्या वजनानेही खचतं. हळूहळू ६२० अंशांपर्यंत नेलं. २५ मिलिमीटर जाडीला एक तास, या हिशोबाने तिथे तासभर ठेवलं, आणि भट्टीतच ३०० अंशांच्या खाली येऊ दिलं. त्या तापमानाला स्टील वितळत नाही, पण त्याची ताकद बरीच उतरते. ज्या ताणाला ते थंडपणी हट्टाने धरून बसलेलं असतं, तो धरायची ताकदच उरत नाही. आतल्या आत ते अगदी थोडं सरकतं आणि ताण बहुतांशी विरतो. घाईने बाहेर काढलं तर कडा आधी थंड होतात, मधला भाग मागून, आणि नवा ताण तयार होतो. म्हणून भट्टीचा तापमानाचा आलेख हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ही काकांची अट.

भट्टीतून आलेला बेस सरळ नव्हता. एका टोकाला जवळपास एक मिलिमीटर उचललेला. मी घाबरलो. काका म्हणाले, भट्टी लोखंड सरळ करत नाही, मोकळं करते. आता जे आहे ते खरं आहे. तेवढं मिलिंगमध्ये निघून जाईल इतकी जाडी आम्ही आधीच जास्त ठेवली होती.

पहिली जाड कापणी झाली. क्लॅम्प पूर्ण सोडले, बेस तासभर तसाच राहू दिला, मग खाली पातळ शिम लावून हलक्या हाताने पुन्हा बांधला आणि शेवटची बारीक कापणी घेतली. क्लॅम्प पुन्हा सोडले. मी डायल फिरवला. दोन शतांशाच्या आत.

पहिला बेस भट्टीत जाऊन पुन्हा मिलिंगला आला, पण तेव्हा प्लेट पातळ झालेली होती, आणि तो भंगारात गेला. त्याचा खर्च माझ्या नावावर कुणी टाकला नाही. रिपोर्टच्या फॉर्मवर सहीच्या वर मी एक नवी ओळ छापून घेतली: मोजताना जॉब मोकळा होता का? पहिल्या आठवड्यात तीन जणांनी ती रिकामी सोडली. मी तिन्ही रिपोर्ट परत पाठवले.