उभा टीव्ही



माझ्या नणंदेचं शाहूपुरीत छोटं जेवणघर आहे. स्वयंपाक बिनकांदा-लसणाचा, आणि संध्याकाळचं जेवण सूर्यास्ताआधी उरकायचं. नोव्हेंबरअखेर कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे तेव्हा पाच ते सहा या एका तासात सगळी गर्दी. चौविहार पाळणारी वयस्कर माणसं काउंटरपाशी उभी राहून "आज काय हाय? ह्यात बटाटा न्हाई न्हवं?" विचारत राहिली, की त्यातच त्यांची दहा मिनिटं जातात. पेंटरने रंगवलेला फळा होता, पण भाव बदलला की वर चिठ्ठी चिकटवायची, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नसते तेव्हा ती नावं कागदाने झाकायची. नवरात्रात आम्ही मोठा टीव्ही घेतला. जुना बत्तीस इंची रिकामाच होता. तो तिकडे लावायचं ठरलं.

जागा होती ती दार आणि काउंटर यांच्यामधला खांब, रुंदी जेमतेम अठरा इंच. बत्तीस इंची टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंटिमीटर लांब आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. आडवा तो खांबावर मावतच नाही, उभा मात्र कडेच्या पट्टीसकट बसतो. शिवाय पदार्थांची यादी मुळात उभीच असते, नाव आणि पुढे भाव. आडव्या पडद्यावर ती दोन रकान्यांत मोडावी लागते, आणि दुसऱ्या रकान्याकडे घाईतल्या माणसाचं लक्षच जात नाही.

माझ्या भाच्याने आधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्र फिरवायची सोय शोधली. घरगुती टीव्हीत ती बहुधा नसते. आपण त्याला उभा केला तरी तो आडवाच आहे असं समजून चित्र दाखवतो. म्हणून टीव्ही ज्या बाजूला वळवला, त्याच्या उलट बाजूला चित्र वळवून द्यायचं. संगणक जोडलेला असेल तर त्याच्या Display settings मधल्या Display orientation मध्ये Portrait निवडलं की झालं. आमच्याकडे नुसता पेन ड्राइव्ह होता, म्हणून चित्रच तसं बनवायचं होतं.

इथे एक गंमत होते. मोबाईलमध्ये फोटो फिरवून ठेवला की पुष्कळदा फोटो खरा फिरतच नाही. फाईलमध्ये फक्त "हा फिरवून दाखवा" अशी खूण जाते. काही टीव्ही ती खूण मानतात, काही मानत नाहीत. भाच्याची पहिली यादी आमच्या टीव्हीवर आडवी पडली ती यामुळेच. मग त्याने १९२० बाय १०८० चा कोरा आडवा कागद घेतला, त्यावर यादीचं चित्र फिरवून चिकटवलं आणि .jpg म्हणून साठवलं. आता खुणेचा प्रश्नच नाही, टीव्ही जसा आहे तसा आडवा कागद दाखवतो.

टीव्ही कोणत्या बाजूला वळवायचा, हा निर्णय मागच्या बाजूने ठरतो. आमच्या टीव्हीची यूएसबीची भोकं समोरून पाहिलं तर उजव्या कडेला होती. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळवला की ती खाली येतात. उलट वळवला असता तर वर तोंड करून राहिली असती, आणि स्वयंपाकघराजवळ त्यात धूळ नि तेलकटपणा साचला असता. टीव्ही काट्याच्या दिशेने, म्हणून यादी काट्याच्या उलट दिशेने. विजेची वायर डाव्या कडेला होती ती आता वर गेली. ती आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे नेली, म्हणजे भिंतीवरून पाणी ओघळलंच तर झोळाच्या टोकाशी गळेल, प्लगमध्ये शिरणार नाही.

भिंतीला भोक पाडायच्या आधी एक चाचणी मी करायला लावली. टीव्ही आडवाच टेबलावर ठेवला, पांढरं आणि लाल रंगाचं चित्र लावलं, आणि भाच्याला आधी जमिनीवर बसून वर बघायला सांगितलं, मग स्टुलावर उभं राहून खाली. कारण बऱ्याच टीव्हींचं चित्र डाव्या-उजव्या बाजूने चांगलं दिसतं, पण वरून-खालून पाहिलं की फिकट पडतं. उभा केल्यावर तो वर-खालचा कोनच डावा-उजवा होतो. "मामी, बसल्यावर जरा पांढरट दिसायलंय," तो म्हणाला. वाचता येत होतं, रंग मात्र उतरला होता. म्हणून फिकट पिवळ्या रंगावरची करडी अक्षरं रद्द केली. गडद निळ्यावर पांढरी ठेवली, ती बाजूनेही स्पष्ट राहतात.

मागच्या स्क्रूंची चार भोकं आमच्या टीव्हीला २०० बाय १०० मिलिमीटर अंतरावर होती. चौकोनी असती, म्हणजे २०० बाय २००, तर कसाही लावता आला असता. आमच्या मापात उभं करताना ब्रॅकेटचे दोन दांडे दहा सेंटिमीटर अंतरावर आणावे लागतात, म्हणून विकत घेताना दांडे सरकवून बघितले. स्क्रू टीव्हीसोबतच्या मापाचेच घ्यावेत. लांब स्क्रू आतल्या पॅनेलपर्यंत जातो.

उष्णतेचं मात्र मनावर घ्या. टीव्हीची हवेची छिद्रं आडव्या ठेवणीचा विचार करून पाडलेली असतात. उभ्यात गरम हवा वरच्या भागात अडकू शकते. बऱ्याच टीव्हींच्या पुस्तिकेत उभा लावू नका असं लिहिलेलं असतं आणि तसा लावून बिघडला तर वॉरंटी मिळेलच असं नाही. नवा टीव्ही असता तर मी नाहीच म्हटलं असतं. दुकानांसाठी मुद्दाम बनवलेले, उभे चालणारे पडदे मिळतात, ते बरेच महाग. आमचा जुना, वॉरंटी केव्हाच संपलेली. भिंतीपासून दोन-तीन इंच जागा सोडली, उजेड निम्म्यावर आणला, आणि पहिल्या दिवशी दोन तासांनी मागे हात लावून पाहिला. कोमट होता, चटका नव्हता.

अक्षरांचा हिशेब पट्टीने केला. दहा फुटांवरून सहज वाचायला अक्षर सुमारे अडीच सेंटिमीटर उंच हवं. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार, म्हणून ओळीला पाच सेंटिमीटर धरले. बारा ओळींना साठ सेंटिमीटर झाले, उरलेल्यात मथळा आणि मोकळी कड. नणंदेला एकवीस पदार्थ टाकायचे होते. "मग आज्जींना वाचता येणार न्हाई," एवढं म्हटल्यावर तिने नऊ वगळले. ते आता दुसऱ्या चित्रावर, वीस सेकंदांनी येतात. मथळ्यात आजचा सूर्यास्त किती वाजता, तेवढं मोठ्या आकड्यांत.

दोन बारीक गोष्टी. टीव्हीत Auto Power Off असेल तर बंद करा, नाहीतर चार तासांनी ऐन गर्दीत पडदा काळा होतो. आणि वीज जाऊन आली की आमचा टीव्ही आपोआप सुरू होत नाही, म्हणून रिमोट काउंटरच्या खणातच दोरीने बांधलाय. चतुर्दशीच्या याद्या पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत. आदल्या रात्री नणंद स्वतःच बदलते.